मावशीचे गार हात

मावशीच्या हातचं मार्झिपान म्हणजे त्या बाजारपेठेत अखेरचा शब्द होता. बदामाची पूड आणि साखरेचा पाक, एवढ्या दोनच गोष्टी; पण इतर दुकानांतली मार्झिपानची फळं दुपारपर्यंत चकाकू लागायची आणि खालच्या कागदावर तेलाचा डाग धरायची. मावशीची नासपती मात्र चार दिवसांनीही तशीच कोरडी आणि मऊ असायची. लोक तोंडात बोट घालायचे. मावशी दोन्ही तळवे पुढे करायची आणि म्हणायची, "हात लावून बघा. गार हातात बदाम तेल सोडत नाही." तळवे कायम गार असायचे, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. या हातांचा तिला भारी अभिमान. नाकावर माशी बसू द्यायची नाही बाई.

भाची तिच्याच हाताखाली तरुणपणापासून होती. आता तिचेही केस पिकायला लागले होते, पण मार्झिपानच्या गोळ्याला हात लावायची परवानगी काही मिळाली नव्हती. बदाम गरम पाण्यात घालून सोलायचे, फडक्यावर पसरून खडखडीत वाळवायचे, पाकावर लक्ष ठेवायचं, ही कामं तिची. तिचे हात मुळातच गरम. "तुझ्या तळव्यावर पापड भाजून निघेल," असं मावशी गिऱ्हाइकांसमोर म्हणायची आणि सगळे हसायचे. भाचीही हसायची. दुसरं करणार काय?

मग एका सकाळी डॉक्टरीणबाई मिठाई घ्यायला आल्या. जवळच्याच गल्लीत त्यांचा दवाखाना. सुटे पैसे घेताना त्यांची बोटं मावशीच्या हाताला लागली आणि त्यांनी तो हात सोडलाच नाही. थकवा येतो का, केस गळतात का, आवाज असा घोगरा कधीपासून झाला, एकामागून एक विचारत गेल्या. मावशी आपल्या हातांचं कौतुक ऐकायला सज्ज होऊन बसली होती, आणि समोरून आलं ते रक्त तपासायचं फर्मान. निघालं थायरॉइड. पुरतं मंदावलेलं, वर्षानुवर्षांचं.

रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. काही महिन्यांत मावशी माणसात आली. जिना चढताना मध्ये थांबावं लागेना, दुपारी गल्ल्यावर डुलकी येईना, आवाज सुटला, चेहऱ्यावरची सूज उतरली. इतकी वर्षं आपण म्हातारपण म्हणून जे सोसत होतो तो निव्वळ आजार होता, हे कळल्यावर ती एकटीच देवळात बसावं तशी दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. डॉक्टरीणबाईंचे उपकार कसे फेडायचे? फी तर त्या कशीबशी घेत. तेव्हा तिने ठरवलं, आपल्या हातची नासपतीची पेटी द्यायची. दुसरं आपल्याकडे आहे काय?

बदाम भाचीने वाळवून ठेवलेच होते. मावशीने थोडी साखर मिसळून ते यंत्रात घातले आणि थांबून थांबून फिरवले, कारण सलग फिरवलं की पातं तापतं आणि बदाम तिथेच तेल सोडतो. पूड चाळली. पाक गोळीबंद झाला. थेंब गार पाण्यात टाकला तर बोटांत मऊ गोळी वळली. भांडं खाली उतरवून पाक जरा धुरकट होईपर्यंत घोटला, पूड घातली, कडा सोडेपर्यंत पुन्हा मंद आचेवर हलवली आणि गोळा दगडी ओट्यावर उलटला. निवल्यावर बाह्या सरसावून ती मळायला बसली. नेहमीसारखी, रेशीम होईपर्यंत.

रेशीम झालं नाही. गोळा आधी चमकला, मग तुकतुकीत झाला, मग बोटांच्या फटींतून तेल दिसायला लागलं. मावशीला वाटलं, मळणं कमी पडलंय. तिने अजून जोर लावला. गोळा फाटला आणि भिजलेल्या रव्यासारखा सुटा झाला. तिने तळवा गालाला लावून पाहिला. तळवा गरम होता. चांगला ऊबदार, कुठल्याही धडधाकट बाईचा असतो तसा.

तिने हात धुऊन कपाटातली गोळ्यांची डबी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि भाचीला म्हणाली की आठवडाभर गोळ्या बंद ठेवल्या तर हात पुन्हा गार होतील, पेटी तेवढी होऊन जाईल, मग आहेतच गोळ्या.

भाची आयुष्यात कधी मावशीला उलटून बोलली नव्हती. तिने डबी मावशीच्या हातातून काढून घेतली.

"ज्या बाईने तुला बरं केलं, तिला भेट द्यायला तू आजारी पडणार? मावशी, माझे हात तर जन्मापासून असेच आहेत. मी घरी दर आठवड्याला मार्झिपान करते. तेल सुटत नाही."

मावशी हळूच म्हणाली, "कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," भाची म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

भाचीने गोळा फडक्याने झाकून सरळ गार जागी ठेवून दिला. तासाभराने काढला, त्यावर चमचाभर गार पाणी शिंपडलं आणि हात न लावता रुंद पात्याने घडी घालायला लागली. घडी, जरा दाब, पुन्हा घडी. मग अजून थोडंसं पाणी. सुटलेलं तेल हळूहळू आत मुरलं, गोळा मिळून आला, चकाकी गेली. भाची म्हणाली की चूक गरम हातांची नाही, फार मळण्याची आहे. गार हातांना ते खपून जात होतं, इतकंच.

वळण्याचीही तिची तऱ्हा निराळी होती. एका वेळी एकच सुपारीएवढा तुकडा तोडायचा, बाकी गोळा ओलसर फडक्याखाली. हात गार पाण्यात बुडवून कोरडे पुसायचे, पिठीसाखरेची चिमूट लावायची, चार फेऱ्यांत आकार द्यायचा आणि खाली ठेवायचा. कुरवाळत बसायचं नाही. मावशीला कुरवाळायची सवय; भाचीने दोनदा टोकलं आणि मावशीने मुकाट्याने ऐकलं. देठाच्या जागी लवंग खोचली. संध्याकाळपर्यंत ताट भरलं आणि खालचा कागद कोरडा ठणठणीत होता. मावशीने तो उजेडात धरून पाहिला. तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण या पोरीला ओट्याशी येऊ दिलं नाही, आणि आज तिनेच आपली लाज राखली, हे तिला फार जाणवलं. तिने भाचीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "उद्यापासून ओटा तुझा. मी बदाम सोलते."

भाचीने ते हसण्यावारी नेलं, पण डोळे पुसायला ती मागच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली, एक नासपती तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मग सवयीने मावशीचा हात हातात घेतला आणि हसल्या.

"छान ऊब आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्हीच सांगत होता ना, याला गार हात लागतात? मग हे केलं कोणी?"

मावशीने दुसऱ्या हाताने भाचीला पुढे ओढलं.

"आम्ही दोघींनी," ती म्हणाली. "हिचे हात देवाने गरम दिले, माझे तुम्ही."