पाडव्याचा भरणा

पाटल्या मोडायच्या नाहीत, असं वेणूबाईंनी ठरवून टाकलं होतं. लेकीच्या, राजलक्ष्मीच्या, नर्सिंगच्या फीसाठी त्या राखलेल्या होत्या आणि जूनपर्यंत वेणूबाईंच्या हातातच राहणार होत्या. घराचं कर्ज मार्चला संपणार, एप्रिलपासून महिन्याचे दोन हजार मोकळे होणार. त्यात हॉस्टेल भागेल आणि फी पाटल्यांतून निघेल. हा हिशोब नवऱ्यानं, सितारामनं, केला होता, आणि त्याच्या हिशोबावर घरात कुणी शंका घेत नसे. वीस वर्षं त्यानं महाप्याच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. काट्यावर नजर ठेवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

कारखाना पंचाण्णव सालच्या सुरुवातीला बंद झाला. कामगारांच्या हातावर स्वेच्छानिवृत्तीचे पैसे पडले. सगळ्यांना कळत होतं की त्यात स्वेच्छा कुणाचीच नव्हती, पण रक्कम खरी होती. कुणी रिक्षा घेतली, कुणी गावाला विहीर खणली. सितारामनं नव्वद हजार बाजूला काढले ते कोपरखैरण्याच्या घरासाठी. ते घर घ्यायला त्यानं वाशीच्या पतपेढीतून कर्ज काढलं होतं, सोळा टक्क्यांनी. त्यातले एक लाख दहा हजार अजून फिटायचे होते. नव्वद भरले की उरले वीस. तुर्भ्याच्या शीतगृहात त्याला अमोनियाच्या प्लँटवर काम मिळालंच होतं. दोन हजारांचा हप्ता चालू ठेवला तर वर्षाच्या आत वीस हजार आणि त्यावरचं व्याज दोन्ही मिटणार होतं. कुणी पोरानं केला असता तरी हिशोब तोच आला असता.

पैसे घेऊन तो पतपेढीत गेला त्या दिवशी मार्चची तीस तारीख होती, गुरुवार. रोखीची खिडकी दोनलाच बंद झालेली. आत मधुकर होता. मधुकर म्हणजे पतपेढीचा मॅनेजर आणि सितारामच्या पाटण तालुक्यातल्या गावचा, एका वर्गातला, एका ताटातला. दोघं एकमेकांच्या कर्जाला जामीनदार होते. सितारामच्या कर्जाच्या कागदावर मधुकरची सही, मधुकरच्या कागदावर सितारामची.

उद्या सकाळी येतो, असं सिताराम म्हणाला. मधुकरनं समोरच्या कॅलेंडरकडे मान वळवली.

"उद्या अमावास्या हाय, गड्या. एवढी मोठी रक्कम अमावास्येला घराबाहेर काढतोस व्हय? शनिवारी पाडवा हाय. आपण अर्धा दिवस उघडं ठेवणार, चेअरमन येणार हायेत, पेढे हायेत. मुहूर्तावर भर की."

सितारामला ते पटलं. वेणूबाईंना तर फारच पटलं. अमावास्येला दिलेला पैसा घरात पुन्हा वळून येत नाही, असं त्यांच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणायच्या. पैसे दोन रात्री तांदळाच्या डब्यात राहिले.

पाडव्याला सिताराम नवा सदरा घालून गेला. पतपेढीच्या दाराला झेंडूचं तोरण, आत गुढी. चेअरमन हौसेराव कांदा-बटाटा बाजारातले व्यापारी. त्यांनी सितारामच्या हातातली पुडकी पाहिली आणि असा सभासद सगळ्यांनी आदर्श म्हणून बघावा, असं चार माणसांत सांगितलं. पावतीवर एक एप्रिलचा शिक्का पडला. मधुकरनं पेढ्यांचा खोका पुढे केला.

"हा माझ्याकडनं. काल माझं बी मिटलं सगळं. माझ्या जामिनातनं सुटलास तू."

सितारामनं दोन पेढे खाल्ले. एक स्वतःच्या आनंदाचा, एक मित्राच्या.

वर्ष गेलं. हप्ता एकदाही चुकला नाही. दिवाळीत वेणूबाईंनी साडी घेतली नाही. बाजारातल्या गाळ्यांवरच्या कारकुनांना त्या डबे देत, तिथले पैसेही हप्त्यात गेले. पुढल्या मार्चच्या मध्याला सिताराम बारावा हप्ता घेऊन पतपेढीत गेला आणि भरल्यावर म्हणाला, आता बेबाकीचा दाखला तयार ठेव, काही जास्त भरलं गेलं असेल तर तेही सांग. त्याच्या मते कर्ज फेब्रुवारीतच संपायला हवं होतं.

मधुकरनं खातं काढलं आणि थोडा वेळ ते उगाच वाचत राहिला.

"तेरा हजार सहाशे निघतात अजून."

सिताराम हसला. दुसऱ्या कुणाचं तरी खातं उघडलंस, म्हणाला. मधुकर हसला नाही. त्यानं पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. एक एप्रिलला सकाळी बाकी किती? एक लाख दहा हजार. आपल्याकडे वार्षिक रेस्ट आहे. म्हणजे वर्षाचं व्याज या सकाळच्या बाकीवर. मधे तू जे जे भरलंस, ते जमा आहेच, कुठं जात नाही, पण मुद्दलातून वजा होतं ते एकतीस मार्चला. तोवर व्याजासाठी बाकी हलत नाही. एक लाख दहावर सोळा टक्के, सतरा हजार सहाशे. एकूण झाले एक लाख सत्तावीस हजार सहाशे. तू भरलेस नव्वद आणि चोवीस, एक लाख चौदा. राहिले तेरा हजार सहाशे.

"नव्वद हजार तर मी पहिल्याच दिवशी भरले," सिताराम म्हणाला.

"पहिल्याच दिवशी भरलेस. म्हणूनच."

"म्हणजे नव्वद हजार वर्षभर तुमच्याकडं होते, आन त्याचं व्याज मी दिलं?"

"नियम हाय तो. सही केलेल्या कागदावर छापलेला हाय."

पतपेढीसमोरच्या बँकेत मासिक रेस्ट असते, हे सितारामला त्याच आठवड्यात शीतगृहाच्या हिशोबनीस बाईंकडून, सुचित्रा मॅडमकडून, कळलं. तिथं दर महिन्याला हप्ता वजा होतो आणि पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या बाकीवर लागतं. दर तोच, सोळा टक्के. पाडव्याला भरलेले नव्वद तिथं लगेच वजा झाले असते आणि वर्षभराचं व्याज सोळाशेच्या आसपास गेलं असतं. मॅडमनी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून दाखवलं. मग त्यांनी सहज विचारलं, "पण तुमच्या पतपेढीतसुद्धा आदल्या दिवशी भरले असते तर वाचला असता की. एकतीसला का नाही भरले?"

एकतीसला भरले असते तर एक एप्रिलच्या सकाळी बाकी वीस हजार असती. वीसवर सोळा टक्के, बत्तीसशे. चोवीस हजारांत सगळं मिटून आठशे परत मिळाले असते. हे सितारामनं घरी जाताना चालता चालताच केलं. एका दिवसाचे चौदा हजार चारशे.

आणि मग त्याला पेढा आठवला. काल माझं बी मिटलं सगळं. पाडव्याच्या आदल्या दिवशी. अमावास्येला.

वर्षभर ते वाक्य त्याच्या पोटात होतं आणि त्याला काही झालं नव्हतं. आता मात्र दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.

तो आधी चेअरमनकडे गेला. हौसेरावांनी गाळ्यावर बसवलं, चहा पाजला. पोटनियमाबाहेर ते एक रुपया सोडू शकत नव्हते. सोडला तर उद्या सगळे सभासद रांग लावतील, असं त्यांचं म्हणणं. कमिटीनं एक एप्रिलपासून नव्या कर्जांना मासिक रेस्ट करायचं ठरवलंय, ही आनंदाची बातमीही त्यांनी दिली. लोक बँकेकडे वळायला लागले होते ना. जुनी कर्जं जुन्याच पद्धतीनं चालणार. "तुमच्यासारख्यांच्या जिवावरच तर पतपेढी उभी आहे, सितारामभाऊ," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

मधुकरला त्यानं कार्यालयात गाठलं नाही. संध्याकाळी तो सुटायच्या वेळी बाहेर पानाच्या टपरीजवळ उभा राहिला. मधुकर आला, सायकलचं कुलूप काढायला वाकला.

"तुझं कर्ज तू अमावास्येला फेडलंस," सिताराम म्हणाला.

मधुकर वाकलेलाच राहिला. कुलूप लवकर निघालं नाही.

"चेअरमननी सांगितलं होतं," शेवटी तो म्हणाला. "मोठी रक्कम कुणी घेऊन आलं तर एप्रिलात घ्या. आदल्या दिवशी घेतली तर वर्षभराचं व्याज बुडतं. नफा दिसला न्हाई तर बोनस न्हाई. आमी चार जण हाय तिथं, सगळ्यांची पोरं शिकत्यात."

"माझी न्हाई शिकत?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी. तू विचारलंच न्हाईस."

"तू मुहूर्त सांगितलास मला."

"मुहूर्त खोटा होता का?"

पाडवा खोटा नव्हता, अमावास्या खोटी नव्हती, नियम खोटा नव्हता. कुणाला दाखवायला एक खोटं सितारामच्या हाती लागत नव्हतं. किती मिळाला बोनस, एवढंच त्यानं विचारलं. मधुकर म्हणाला, दीड पगार.

घरी त्यानं वेणूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे अमावास्येला पैसा देणारा वाचला, आन पाडव्याला देणारा बुडाला. आत्याबाईंना कुणीतरी सांगाया पायजे होतं." त्या उठल्या आणि त्यांनी पाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. बाकी तशीच ठेवली तर एक एप्रिलच्या सकाळी पुन्हा तेरा हजार सहाशेवर वर्षाचं व्याज सुरू होणार, हे त्यांना त्याच्याइतकंच कळलं होतं. सितारामनं त्या वाशीच्या सोनाराकडे मोडल्या. शनिवारी, मार्च संपायच्या आदल्या दिवशी, त्यानं पैसे भरले. खिडकीवर दुसरा कारकून होता. बेबाकीचा दाखला मिळाला. पेढे नव्हते.

राजलक्ष्मीनं नर्सिंगचा फॉर्म भरला नाही. मैत्रीण महाप्याला एका पॅकिंगच्या कंपनीत जात होती, तिच्याबरोबर ती सोमवारपासून जाणार होती. एकच वर्ष, असं घरात सगळे म्हणत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

रविवारी सकाळी मधुकर घरी आला. हातात पेरूंची पिशवी होती. वेणूबाईंनी पाणी दिलं, बस म्हटलं नाही. तो आपणहून बसला. झालं गेलं विसरायचं, गावच्या माणसांनी परक्यासारखं वागायचं नाही, असं बरंच बोलला. मग पिशवीतूनच एक घडी घातलेला कागद काढला. नेरुळला त्यानं घर बघितलं होतं. उद्यापासून नवी कर्जं सुरू, मासिक रेस्टची, त्यात पहिला अर्ज त्याचाच. जामीनदाराच्या रकान्यात त्यानं सितारामचं नाव लिहूनच आणलं होतं.

"फक्त सही," तो म्हणाला. "तुझं खातं कोरं झालंय, तुझ्याइतका चांगला जामीनदार कमिटीला दुसरा मिळायचा न्हाई."

सितारामनं कागद हातात घेतला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. या वेळी छापलेला बारीक मजकूरही वाचला, शेवटपर्यंत. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. या साली पाडवा लवकर येऊन गेला होता. गुढीची काठी अजून दाराआड उभी होती.

"पाडव्याला ये," तो म्हणाला. "मुहूर्तावर करतो सही."

"पाडवा होऊन गेला की."

"पुढचा येईल."

मधुकरनं कागदाची घडी केली. तो रागावला नाही. दुसरा जामीनदार त्याला दुपारपर्यंत मिळणार होता, मॅनेजरला कुणीही नाही म्हणत नाही. जाताना दारात त्यानं चपला घातल्या आणि वेणूबाईंच्या मोकळ्या मनगटांकडे त्याची नजर गेली.

पेरू तिथंच राहिले. राजलक्ष्मीनं दुसऱ्या दिवशी कंपनीत डब्यात न्यायला दोन धुऊन ठेवले. वेणूबाईंनी ते डब्यातून काढले आणि बाकीच्यांसकट खाली कचऱ्याच्या पेटीत टाकून आल्या.