छताचा डाग आणि गुरुवारची तपासणी

बाईंच्या झोपायच्या खोलीत, बाथरूमच्या भिंतीला लागून, छतावर एक डाग होता. तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी तो वाटाण्याएवढा होता, मग बशीएवढा झाला, आणि आता तर त्यात अख्खी दुनिया मावत होती. बाईंनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. त्यांना रिकामी भिंतसुद्धा गप्प बसू देत नसे, मग डाग कुठला गप्प बसू द्यायला! दुपारी त्या आडव्या झाल्या की डागात कधी तळं दिसे, तळ्याकाठी दोन मुली दिसत, पाय पाण्यात सोडून बसलेल्या. मोठी कोण आणि धाकटी कोण, हे बाईंना न सांगताच कळे.

डाग कितीही देखणा असला तरी तो वरच्या घराचा, असं बाईंचं ठाम मत होतं. वरच्या घरात राहायची एक नर्स, एकटीच. तीन वर्षांपूर्वी बाई जिन्यात चार माणसांदेखत तिला म्हणाल्या होत्या, “तुमच्या बाथरूमनं माझं घर कुजवलं!” आणि ती म्हणाली होती, “आधी सिद्ध करा, मग बोला.” झालं! तेव्हापासून अबोला. समोरासमोर आल्या की दोघीही भिंतीवरचे मीटर वाचत.

शेवटी सोसायटीनं गळतीच्या तपासणीची नोटीस लावली. गुरुवार, सकाळी दहा. वरच्या बाथरूमची जाळी बुजवून लाल रंगाचं पाणी साठवायचं, आणि खालच्या घरात कुणीतरी छताकडे बघत बसायचं. लाल उतरलं तर दोष वरच्या घराचा, नाही उतरलं तर शोध दुसरीकडे. दोन्ही घरं उघडी हवीत. ज्याचं घर बंद, त्याची तक्रार बंद.

बाई खूश झाल्या. तीन वर्षं वाट बघितली होती. आणि मंगळवारी दुपारी भाच्याचा फोन आला.

“मावशी, आई कालपासून मला ‘अहो भाऊ’ म्हणतेय,” तो म्हणाला. “सुनेला तर गेल्याच महिन्यात विसरली. पण तुझं नाव अजून घेते. येतेस का?”

बाईंनी फोन ठेवला आणि बुधवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. मग त्यांना गुरुवार आठवला.

संध्याकाळी सात वाजता मीटरच्या खोलीशेजारच्या ऑफिसात कमिटी बसली होती. कमिटी म्हणजे सेक्रेटरी आणि अध्यक्ष, बाकीचे सह्यांपुरते. बाईंनी अर्ज पुढे केला: ‘बाहेरगावी जात असल्यामुळे तपासणी पुढे ढकलावी.’

“बाहेरगावी तर सगळेच जातात, बाई,” सेक्रेटरी म्हणाले. “तपासणी संपली की जा. शुक्रवारी जा ना!”

“शुक्रवार चालणार नाही.”

“का बरं?”

बहीण आपल्याला विसरायच्या आत पोचायचंय, हे काय टेबलावर मांडून दाखवायचं? बाई पंख्याकडे बघत राहिल्या. पंखा संथ फिरत होता, जणू त्यालाही कुठे पोचायची घाई नव्हती.

अध्यक्षांनी डोळे उघडले. “किल्ली द्या कुणाकडे.”

“नुसती किल्ली नाही चालत, साहेब,” सेक्रेटरी म्हणाले. “बसायला माणूस हवा आणि अहवालावर त्याची सही हवी. प्लंबर सोमवारी दुसऱ्या विंगसाठी येणारच आहे. तेव्हा करू. पण वरच्या बाईंची लेखी संमती आणा. बाथरूम त्यांचं अडणार, दिवसभर.”

म्हणजे घोडं तिथेच येऊन पेंड खायला लागलं. तीन वर्षं जिच्याशी शब्द नाही, तिच्याच दारात जायचं. बाईंना संताप आला. कमिटीचा, प्लंबरचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा.

एक मजला चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. गुडघे नाही, मन अडत होतं. दार उघडलं. नर्स गणवेशातच होती, केस विस्कटलेले.

“सोमवारी तपासणी चालेल का, एवढंच विचारायला आले,” बाई जिन्याकडे बघत म्हणाल्या. “सही हवी होती.”

“नाही चालणार. सोमवारपासून आठवडाभर माझी दिवसाची ड्युटी आहे. गुरुवारसाठी मी आधीच दोघींशी अदलाबदली केलीय.” आवाजात राग नव्हता, थकवा होता. “तुम्ही कुठे निघालात?”

“बहिणीकडे.” आणि मग, का कोण जाणे, जे कमिटीपुढे आलं नव्हतं ते सगळं त्या उंबऱ्यावर बाहेर पडलं. सून, भाचा, ‘अहो भाऊ’, सगळं. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

नर्सनं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, “उद्याच जा. ओळखतायत तोवर जा. शुक्रवारचं काही सांगता येत नाही, मी वॉर्डात रोज बघते.” तिनं हात पुढे केला. “किल्ली द्या. मी बसते खाली.”

“तुम्ही? अहो, तक्रार तुमच्याविरुद्ध आणि साक्षीदारही तुम्हीच?”

“चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणा हवं तर,” ती हसली. “नाहीतरी माझं बाथरूम बंदच असणार. लाल दिसलं तर लाल लिहीन.”

बाईंना विश्वास वाटला असं नाही. पण विश्वास आणि बहीण यांत निवड करायची होती. त्यांनी खाली येऊन किल्ली आणून दिली, अर्ज मागे घेतला आणि कमिटीच्या वहीत हजर राहणाऱ्याच्या रकान्यात नर्सला सही करायला लावली. सेक्रेटरी चष्मा काढून बघतच राहिले.

गुरुवारी दुपारी बाई बहिणीच्या पलंगाशी बसल्या होत्या. खिडकीवर पडदा हळू फुगत होता, खोलीत औषधांचा आणि धुतलेल्या चादरींचा वास होता. आल्या आल्या बहिणीनं भाच्याला “या, बसा” म्हटलं होतं आणि बाईंकडे बघून “किती उशीर केलास गं ढब्बू!” म्हणाली होती. साठ वर्षांत कुणी त्यांना ढब्बू म्हटलं नव्हतं. तेव्हापासून दोघी बोलत होत्या. अर्धं घडलेलं, अर्धं कधीच न घडलेलं. बाई कशालाच नाही म्हणत नव्हत्या.

चारच्या सुमारास फोन वाजला.

“बाई, मी बोलतेय. वरची,” नर्सचा आवाज झोपेतला होता. “तुमच्या पलंगावर पडून बघत होते, कधी डोळा लागला कळलंच नाही. जागी झाले तर छत लाल. माझंच पाणी आहे, बाई. प्लंबरला बोलावून दाखवलं, अहवालात तसंच लिहिलं, सही केली. तीन वर्षं तुम्ही खरं सांगत होतात आणि मी...” ती थांबली. “ओळखलं का त्यांनी?”

“ओळखलं,” बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. तीन वर्षांचा विजय हातात आला होता आणि त्याचं त्यांना काही म्हणजे काही वाटत नव्हतं. फक्त रडू येत होतं.

बहिणीनं आपल्या सुरकुतलेल्या तळव्यानं त्यांचे गाल पुसले.

“रडतेस काय? काय झालं?”

“काही नाही गं. घर गळतंय माझं.”

“एवढंच ना?” बहीण उशीवर टेकली आणि डोळे मिटता मिटता म्हणाली, “गळू दे. माझ्याकडे राहा. मी आहे ना!”

“हो,” बाई म्हणाल्या. “आहेस.” आणि त्यांनी तिचा हात धरून ठेवला.