घोरणं

गुंडी दुपारी झोपली की आत्या तिच्या उशाशी बसून भाजी निवडायची. त्या मंगळवारी तिने निवडणं मध्येच थांबवलं. गुंडी घोरत होती. एवढंच असतं तर आत्याने लक्षही दिलं नसतं, पण घोरता घोरता आवाज एकदम बंद पडला. छाती हलत होती, श्वास काही येत नव्हता. मग एक मोठा घुसमटल्यासारखा उसासा, आणि घोरणं पुन्हा सुरू.

संध्याकाळी गुंडीची आई शिवणाच्या कारखान्यातून आली तेव्हा आत्याने चहाआधी तेच सांगितलं.

"सर्दी झाली असेल," आई म्हणाली.

"नाक कोरडं आहे तिचं. मी बघितलं."

"ताई, सहा वर्षांची पोर आहे. घोरतात मुलं."

आत्याचं समाधान झालं नव्हतं. नवरा गेल्यापासून ती भावाच्या घरी राहत होती. भाऊ दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी यायचा. त्यामुळे गुंडीचं सगळं या दोघींवरच होतं, आणि ते सगळं म्हणजे थोडंथोडकं नव्हतं.

गुंडी जन्मली तेव्हा ओल्या फडक्यासारखी होती. हात उचलला की पडायचा. दूध ओढायची ताकद नव्हती, म्हणून महिनाभर नाकातून नळी. रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा काम करत नाही. स्नायू ढिले राहतील, उंची खुंटेल आणि पुढे भूक लागेल, अशी भूक की पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचणारच नाही. तेव्हा आईला ते खरं वाटलं नव्हतं. जी पोर चमचाभर दूध पीत नाही तिला कसली भूक? चौथ्या वर्षी गुंडी कचऱ्याच्या डब्यातली सालं खाताना सापडली. तेव्हापासून स्वयंपाकघराला कुलूप होतं, फ्रिजला कुलूप होतं आणि दोन्ही किल्ल्या दोघींच्या गळ्यात होत्या. जेवण ठरल्या वेळी, मोजून. त्याआधी किंवा नंतर काही नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट चांगली चालली होती, ती म्हणजे वाढीचं इंजेक्शन. रोज झोपण्यापूर्वी पेनासारख्या सुईने मांडीत टोचायचं. अकरा महिन्यांत गुंडी नऊ सेंटिमीटर वाढली होती. पूर्वी वर्षाला चारसुद्धा वाढत नव्हती. भूक तेवढीच होती, पण पाय घट्ट झाले होते. आता ती जिना कठड्याला न धरता चढायची. आईने तिच्या फ्रॉकची पट्टी दोनदा उसवून खाली सोडली होती आणि ते काम करताना ती गुणगुणायची.

म्हणूनच मंगळवारी आई आत्याशी खोटं बोलली. सुरुवातीलाच इंजेक्शन लिहून देणाऱ्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "या औषधाने घशातल्या गाठी वाढू शकतात. या मुलांचा श्वास आधीच नाजूक असतो. घोरणं नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी फोन करा. औषध थांबवून तपासावं लागेल." आईला त्यातला एकच शब्द ऐकू आला होता. थांबवून. आणि पंधरवड्यापूर्वी तिने स्वतः ते घोरणं ऐकलं होतं.

गुरुवारी आत्याने भाजी बाजूला ठेवली आणि घड्याळ घेतलं. आई आल्यावर तिने एक कागद पुढे केला. कागदावर आकडे होते. नऊ, अकरा, चौदा, दहा, सतरा.

"हे सेकंद आहेत," आत्या म्हणाली. "एवढा वेळ तिचा श्वास बंद होता. एका तासात."

"तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही?" आईचा आवाज चढला. "औषध बंद झालं की ती परत तशीच लोळागोळा होईल. परत कडेवर घेऊन फिरायचं? तुम्ही फिराल?"

"फिरेन. जिवंत असली तर फिरेन."

आई उठून आत गेली. कारखान्यातून अर्धा दिवस रजा घेऊन शुक्रवारी दुपारी ती स्वतः गुंडीच्या उशाशी बसली. पहिल्या दोन वेळा तिने आकडे मोजले. तिसऱ्या वेळी मोजता मोजता गुंडीचे ओठ निळसर दिसले, आणि तिने मोजणं सोडून पोरीला उठवून बसवलं. मग फोन लावला.

"कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अठरा दिवस. मी सांगितलं नाही."

"आज इंजेक्शन देऊ नका. आत्ताच्या आत्ता घेऊन या."

रक्तात वाढीच्या संप्रेरकाची खूण हवी त्यापेक्षा वर गेली होती. घशाच्या डॉक्टरांनी जीभ दाबून पाहिलं, दोन्ही टॉन्सिल जवळजवळ एकमेकांना टेकले होते. रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी झाली आणि ऑपरेशनची तारीख ठरली.

ऑपरेशन म्हणजे उपाशी राहणं. सहा तास काही खायचं नाही, आणि तेही गुंडीने. म्हणून तिचा नंबर सकाळी पहिला लावला होता. आई आणि आत्या सात वाजता वॉर्डात बसल्या. गुंडी दर मिनिटाला विचारत होती, "आता देणार?" आई अर्जावर सही करायला खिडकीशी गेली. आत्याने खाली पडलेली चप्पल उचलायला मान वळवली, तेवढंच.

आई परतली तर गुंडी शांत बसलेली. शांत गुंडी म्हणजे काहीतरी गडबड. तिच्या ओठाच्या कडेला भुगा होता. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई हसून म्हणाल्या, "बिचारी केव्हाची मागत होती. एकच बिस्किट दिलं हो."

आत्याने आईकडे पाहिलं. आईला ते पाहणं कळलं. दार उघडून परिचारिका आली होती, हातात कागद.

"चला, बाळाला घेऊ या. पोटात काही गेलं नाही ना?"

एकच बिस्किट. पुन्हा सहा तास ही पोर भुकेने तडफडणार, कदाचित तारीखच जाणार आणि तोवर रोज तो श्वास अडकणार. आईच्या मनात हे सगळं येऊन गेलं.

"गेलं," ती म्हणाली. "बिस्किट खाल्लंय. आत्ता, पाच मिनिटं झाली."

भुलीचे डॉक्टर आले. रागावले नाहीत. "बरं झालं सांगितलंत. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं असतं. आणि हिला नीट खोकताही येत नाही." ऑपरेशन दुपारी ढकललं.

ते सहा तास दोघींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. गुंडी रडली, तिने लाथा मारल्या, स्वतःच्या हातावरची त्वचा ओरबाडून रक्त काढलं. आत्या तिला घेऊन जिन्याने वर-खाली करत राहिली. पायऱ्या मोजायच्या, शंभर झाल्या की परत एकपासून. आई आजीबाईंशी एक शब्दही बोलली नाही. नंतर तिला त्याचं वाईट वाटलं.

दुपारी दोनला गुंडीला आत नेलं. तीनला बाहेर आणलं ते थेट अतिदक्षता विभागात, रात्रभर नजर ठेवायला. काचेतून आईला यंत्रावरची हिरवी रेघ दिसत होती. आत्या म्हणाली, "बस जरा." आई बसली नाही.

दोन महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा झाली. श्वास अजून तासातून एकदा-दोनदा अडखळायचा, पण पूर्वीच्या मानाने काहीच नाही. डॉक्टरबाईंनी औषध अर्ध्या मात्रेने सुरू केलं. महिनाभराने रक्त, मग पुन्हा झोप, मग पाठीच्या कण्याचा फोटो, कारण उंची भराभर वाढली की कणा वाकलेला नाही ना, तेही बघावं लागतं.

"आणि घोरली तर?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी फोन," आई म्हणाली.

त्या दोन महिन्यांत गुंडी जिना चढताना पुन्हा कठडा धरायला लागली होती. आईला ते दिसत होतं आणि ती त्याबद्दल कुणाशी बोलत नव्हती. घरी आल्यावर तिने पेनात सुई बसवली, मात्रेचा आकडा आत्याकडून तपासून घेतला आणि मगच टोचलं.