सातव्या पाठाला कुलूप नव्हतं

मावशीने नोकरी सोडली तेव्हा हॉलचा मालक म्हणाला होता, "बाई, सहा महिन्यांत परत याल. घरी बसून शिकवणार कुणाला, भिंतीला?"

बावीस वर्षं तिने त्याच्या हॉलमध्ये योग शिकवला. मग एक दिवस त्याला साक्षात्कार झाला, की पोस्टरवर पांढऱ्या केसांची बाई शोभत नाही. केस रंगवा, नाहीतर सकाळची बॅच नव्या मुलीला द्या. मावशी म्हणाली, "केस माझे, ते असेच राहणार." चटई गुंडाळली आणि निघाली. घरी पोचायच्या आत मला फोन.

"तू वेबसाइटी करतेस ना? मला एक कर. लोकांनी पैसे भरायचे, लॉगिन करायचं आणि माझे पाठ बघायचे. बघतेच मी भिंत कशी शिकत नाही ते."

साइट मी केली. व्हिडिओ काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, काढले. पहिल्या पाठात मावशीपेक्षा काकांचा श्वास जास्त ऐकू येतो, आणि तिसऱ्यात सात मिनिटं नुसता पंखा दिसतो, कारण काका फोन हातात धरून स्वतःच शवासनात गेले होते. तो परत काढला. सातवा मात्र झकास जमला. गुडघेदुखीवाल्यांसाठी चाळीस मिनिटं.

घोळ माझा होता. पाठाचं पान उघडलं की साइट विचारायची, कोण तुम्ही? वर्गणी चालू आहे का? असेल तरच व्हिडिओ दिसायचा. पण मावशी स्वतःच आत जाऊ शकत नव्हती. रोज नवा पासवर्ड करायची आणि रोज विसरायची. "माझ्याच साइटीवर मलाच विचारते, कोण तुम्ही म्हणून! बावीस वर्षं विचारलं नाही कुणी!" शेवटी वैतागून मी व्हिडिओच्या फाइली एका उघड्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि थेट फाइलचा पत्ता तिच्या टीव्हीत टाकून दिला. म्हणजे पान कुलपात, फाइल उघड्यावर. तात्पुरतं म्हणून. आमच्या धंद्यात या शब्दाइतकं टिकाऊ काही नाही.

पाचव्या महिन्यात बासष्ट सभासद झाले. मावशी मजेत होती. आणि एका सकाळी बँकवाल्या काकू दारात उभ्या राहिल्या. काकू म्हणजे बँकेतून निवृत्त, हॉलच्या जुन्या विद्यार्थिनी, आणि चेहरा असा की चेक परत आलाय.

"तुमचा राग आहे का माझ्यावर?" काकूंनी थेट विचारलं.

"अगं बाई, कशाचा राग?"

"आठवडाभर बघतेय. वर्गात तीनदा हात वर केला. उजवा गुडघा दुखतोय म्हटलं, काय करू? तुम्ही बघितलंसुद्धा नाही! सरळ म्हणालात, आता डावा पाय."

"कुठल्या वर्गात?"

"हॉलमध्ये! मोठ्या पडद्यावर! तुम्ही घरून थेट शिकवता म्हणून मालक सांगतात की. साडेसहाची बॅच, वर्गणीसुद्धा वाढवलीय."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप उघडला. सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो. इतके दिवस मी ती बघितलीच नव्हती. रोज सकाळी साडेसहाला, एकाच जागेवरून, सातव्या पाठाची फाइल मागितली जात होती. लॉगिन शून्य. मागे जाऊन बघितलं तर त्याच जागेवरून तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी 'फिटनेसप्रेमी' नावाने एका महिन्याची वर्गणी भरली होती. महिना संपला, पानाने त्याला बाहेर काढलं. पण तोवर गड्याने फाइलचा पत्ता उतरवून घेतला होता, आणि फाइल कुणालाच काही विचारत नव्हती.

"म्हणजे मी सोडून गेले," मावशी सावकाश म्हणाली, "आणि तरी रोज सकाळी त्याच्याकडे कामाला जातेय. बिनपगारी."

"चुकी माझी आहे, मावशी. आत्ता बंद करते."

"थांब. बंद काय करतेस? तो म्हणेल, बाईंची लाइन गेली. काकू, तुम्ही उद्या वर्गाला जाणार?"

"तुम्ही नाहीच आहात तिथे, तर जाऊन काय करू?"

"उद्या असेन."

त्या दिवशी आम्ही दोन कामं केली. आधी मी सगळे पाठ बंद साठ्यात हलवले. आता सभासदाने लॉगिन करून पाठ उघडला की सर्व्हर त्याच्यापुरता एक पत्ता बनवून देतो, आणि तो दोन तासांत मरतो. पत्ता उतरवून घेतला तरी दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. लॉगिन न करता चार वेळा आत घुसायचा प्रयत्न करून बघितला. दार उघडलं नाही. मावशीलाही उघडलं नाही, पण तिचा पासवर्ड आता काका वहीत लिहितात.

मग दुसरं काम. मावशीने तीच साडी, तीच चटई, तोच कोपरा घेऊन नवा व्हिडिओ काढला. जुन्या पत्त्यावर, जुन्याच नावाने, मी तो ठेवला आणि मधल्या सर्व्हरांवर साठलेली आधीची प्रत पुसून टाकली, नाहीतर हॉलमध्ये जुनाच पाठ दिसला असता.

सकाळी साडेसहाला काकूंनी फोन लावून पर्समध्ये, चटईशेजारी ठेवला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात ओट्यावर फोन ठेवून कान लावून उभे.

"डोळे मिटा. श्वास आत," पडद्यावरची मावशी म्हणाली. "बाहेर. छान. आता डोळे उघडा, माझ्याकडे बघा. मी इथे नाहीये. हे रेकॉर्डिंग आहे. मी हा हॉल पाच महिन्यांपूर्वी सोडला, कारण मालकांना माझे केस आवडत नव्हते. हा पाठ त्यांनी मला न विचारता उचललाय."

पलीकडे कुणीतरी म्हणालं, "अय्या!"

"आता मालक रिमोट शोधत असतील. तिकडे बघू नका, मान अवघडते. श्वास सोडा."

धावपळीचा आवाज आला. "बंद कर रे! अरे रिमोट कुठाय?" हा मालक.

"बंद करू नका हो!" ह्या काकू. "गुडघ्याचं सांगतायत!"

खरंच सांगत होती. "ज्यांचा गुडघा दुखतो त्यांनी खाली घडी घातलेला टॉवेल घ्या. तरी दुखलं तर पाय लांब करा आणि डॉक्टरांना दाखवा. पडद्याला विचारू नका, पडदा बघत नाही. मला विचारायचं असेल तर आता फोन नंबर सांगते, लिहून घ्या."

नंबर तिने दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना आवाज बंद झाला. मालकाने प्लग उपटला असावा. पण पहिल्यांदा सांगितलेला पुरला होता. बँकवाल्या बाईला आकडे एकदाच लागतात, ती मोठ्याने म्हणून दाखवत होती.

दहा मिनिटांत मालकाचा फोन. मावशीने स्पीकर लावला.

"बाई, ही बदनामी आहे! काढा ते आधी!"

"माझ्या साइटीवर मी काय ठेवायचं ते मी ठरवीन. तुम्ही बघू नका म्हणजे झालं."

"माझ्या बायका उठून गेल्या!"

"उठता आलं का सगळ्यांना? हात न टेकता?"

मालकाचा आवाज एकदम मऊ झाला. "बघा, झालं गेलं सोडा. परत या. केसांचं काय ते तुमच्या मर्जीने. पोस्टरवरसुद्धा घेतो."

काकांनी वर बघितलं. मीही. सहा महिने भरायला अजून तीन आठवडे होते.

"नाही," मावशी म्हणाली. "आणि ऐका, नुसता फोन ठेवून सुटका नाही. माझा पाठ दाखवून जी वर्गणी घेतलीत ती त्या बायकांना परत करा. नाहीतर आम्ही सगळ्या मिळून येऊ, नोंदी घेऊन. माझ्या भाचीकडे तारखा आहेत, वेळा आहेत."

फोन कट झाला. पाठोपाठ दुसरा वाजला, अनोळखी नंबर. मग तिसरा. काका वही घेऊन नावं उतरवायला बसले.

"मावशी," मी विचारलं, "तो जुन्या पत्त्यावरचा व्हिडिओ काढून टाकू का आता?"

"राहू दे की. फुकट बघायला येईल त्याला निदान गुडघ्याचं तरी कळेल." तिने पदर खोचला. "चल, आठवा पाठ काढायचाय. कॅमेरा तू धर, काकांना झोप येते."