घसरलेला आकडा

वहिनीने सकाळी चहा ठेवण्याआधी फोन उघडला आणि आकडा बघून चहा ठेवायचा राहूनच गेला. पॅन्टची चेन बदलण्याच्या तिच्या व्हिडिओवर काल रात्री एक्केचाळीस हजार व्ह्यूज होते. आज सत्तावीस. तिने पान पुन्हा उघडलं, फोन बंद करून चालू केला, चष्म्याची काच पदराने पुसली. सत्तावीस ते सत्तावीसच.

वाढलेला आकडा खाली येतो हेच तिला पटेना. लोकांनी बघितलेला व्हिडिओ परत न बघितलेला कसा होईल? जेवलेलं जेवण कोणी माघारी घेतं का?

इतर कुठल्या दिवशी तिने हे सोडूनही दिलं असतं. पण शिलाई मशीनच्या एका कंपनीला तिचे व्हिडिओ आवडले होते. नव्या मशीनवर सहा व्हिडिओंची मालिका करायची बोलणी चालली होती. आकड्यांचे स्क्रीनशॉट कंपनीतल्या बाईंना चार दिवसांपूर्वीच पाठवून झाले होते आणि या शुक्रवारी त्या ताजे आकडे बघून नक्की करणार होत्या. मालिका मिळाली तर दुसऱ्याच्या दुकानात बसून पॅन्टा आखूड करणं सुटणार होतं. वीस वर्षं वहिनी तेच करत होती आणि तिला त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

चॅनल दोघींचं होतं. हात वहिनीचे, कॅमेरा आणि व्हिडिओची कापाकापी नणंदेची. नणंद धाकटी, घरात सगळे तिला बबडी म्हणत. वहिनी तोंडाने जे काही बोले त्यातलं अर्धं बबडी कापून टाकी आणि उरलेल्याला गंमत आणी. प्रेक्षक मात्र 'वहिनी, तुमचे हात सोन्याचे' एवढंच लिहीत. बबडीचं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. निदान आजवर तरी वहिनीचा तसा समज होता.

बबडी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. वहिनीने फोन तिच्या नाकासमोर धरला.

"हे बघ. चौदा हजार माणसं गेली कुठे?"

बबडीने बघितलं. दचकली नाही. वहिनीला तेच पहिल्यांदा खटकलं.

"माणसं नसतील ती," बबडी म्हणाली. "अवैध व्ह्यूज काढले असतील. होतं असं."

"अवैध म्हणजे?"

"म्हणजे कुणाला खरंच बघायचं होतं म्हणून झालेले नव्हेत. सॉफ्टवेअरने आपोआप लावलेले, विकत घेतलेले, एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा चालवलेले. काही आधी मोजले जातात, मग मागून तपासणी होते. तपासणीत जे बसत नाहीत ते वजा करतात. व्हिडिओला काही होत नाही. खऱ्या माणसांचे आहेत तसे राहतात."

"आणि हे कोणी केलं ते सांगतात का?"

"नाही. आकडा तेवढा दुरुस्त करतात."

बबडीने हे सगळं एका दमात सांगितलं, जणू परीक्षेची तयारी करून बसली होती. आता एडिटिंग करणाऱ्या मुलीला एवढं ठाऊक नसेल तर कुणाला असणार? पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणसाला शहाणपणातही खोट दिसते. वहिनीला मागच्या महिन्यातली गोष्ट आठवली. बबडीचा फोन चार्जिंगला होता आणि त्यावर कुणाचा तरी मेसेज झळकला होता. 'दहा हजार व्ह्यूज पाहिजेत का?' त्याखाली बबडीचं उत्तर होतं: 'किती दिवसांत?'

"तू घेतलेस ना व्ह्यूज?" वहिनीने सरळ विचारलं.

"काय?"

"मी वाचलंय. किती दिवसांत, असं विचारलं होतंस त्याला."

बबडीचा चेहरा उतरला. "विचारलं होतं. हे लोक काय करतात ते बघायचं होतं. घेतले नाहीत. असल्या व्ह्यूजनी चॅनल गोत्यात येतं, एवढं मला कळत नाही का?"

"हो, तुला सगळंच कळतं. तेच म्हणतेय मी."

बबडीने लॅपटॉप मिटला. "वहिनी, तुला खरंच असं वाटतं?"

वहिनी पुन्हा फोनवरचा आकडा बघू लागली. बबडी पिशवी उचलून आपल्या खोलीवर निघून गेली. चार गल्ल्या पलीकडे तिने भाड्याने खोली घेतली होती.

मग वहिनीने दोन गोष्टी केल्या, त्याही तावातावात. चॅनलच्या सेटिंगमध्ये जाऊन तिने बबडीचा प्रवेश काढून टाकला. आणि कंपनीच्या बाईंना मेल लिहिला की माझ्या सहकारिणीने मला न सांगता व्ह्यूज विकत घेतले, ते आता काढले गेले आहेत, तिला मी दूर केलं आहे, तरी मालिकेचा विचार व्हावा. सोबत ताज्या आकड्यांचे स्क्रीनशॉट जोडले. मेल पाठवल्यावर तिला हायसं वाटलं. आता आपल्यावर काही बालंट येणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या बाईंचा फोन आला. वहिनी दुकानात होती. कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती.

"मी तुमचे जुने आणि नवे, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले," बाई म्हणाल्या. "तुमच्या सहकारिणीने व्ह्यूज घेतल्याचं तुम्हाला कशावरून कळलं?"

"कशावरून म्हणजे... दुसरं कोण असणार?"

"असं आहे, विकतचे व्ह्यूज मी पुष्कळ बघितलेत. ते बहुतेक वेळा कुठून कुठून लांबून आलेले असतात आणि सहसा थोडं बघून पळतात. तुमचं उलटं आहे. जुन्या आकड्यांत जवळपास तिसरा हिस्सा टीव्हीवर बघितलेला दिसतो आणि तेही तुमच्याच शहरातून. नव्यात टीव्हीचा हिस्सा जवळजवळ नाहीसा झालाय. म्हणजे जे काढले ते हेच. चेन बदलायची माणूस फोनवर बघतो हो, मशीनशेजारी ठेवून. टीव्हीवर कोण बघेल?"

"मला काय माहीत?"

"आणि यातले कितीतरी व्ह्यूज अगदी शेवटपर्यंत गेलेत. काम झालं की खरा माणूस मधेच बंद करतो. इथे कुणी बंदच केलेलं नाही. कुठेतरी पुष्कळ टीव्ही हा व्हिडिओ परत परत वाजवत होते, असं मला वाटतं. तुमच्या ओळखीत आहे का असं कुणी?"

वहिनीच्या हातातली कात्री तशीच राहिली. तिचा नवरा टीव्हीच्या शोरूममध्ये कामाला होता.

दुकानदाराला डोकं दुखतंय असं सांगून ती बाहेर पडली. वाटभर मनाला बजावत होती की असं काही नसेल. शोरूमच्या काचेचं दार ढकललं आणि समोरच्या भिंतीवर तिला स्वतःचेच हात दिसले.

दहा-बारा टीव्ही असतील. लहान, मोठे, एक तर पलंगाएवढा. प्रत्येकावर तिची बोटं जुन्या चेनची शिवण उसवत होती. आवाज बंद होता. एका टीव्हीवर चेन बसवून झाली होती, दुसऱ्यावर अजून टाचण्या लावणं चालू होतं. गिऱ्हाईक एकच होतं आणि ते पाठ करून फ्रिजचं दार उघडून बघत होतं. पलंगाएवढ्या टीव्हीवरचा व्हिडिओ संपला आणि आपसूक पहिल्यापासून सुरू झाला.

नवरा हसत पुढे आला. "आलीस? मनात म्हटलं होतं, एक दिवस तुला दाखवीन म्हणून! सकाळी शटर वर गेलं की लावतो, बंद करेपर्यंत चालू. लूपवर. रंग पण काय मस्त दिसतात बघ."

"किती दिवस?"

"झाले की दोन-तीन आठवडे. मालक पण म्हणाला, राहू दे. तुझा आकडा वाढला की नाही?"

"वाढला. आणि काल चौदा हजारांनी उतरला. अवैध म्हणून काढले."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "अवैध कसे? टीव्ही खरे, नेट खरं, व्हिडिओ तुझा. मी काय चोरी केली का?"

"बघणारा कुठाय पण?" वहिनी ओरडलीच. फ्रिजवाल्या गिऱ्हाइकाने मागे वळून बघितलं. "एक माणूस दाखव मला इथे बघणारा!"

नवऱ्याने भिंतीकडे बघितलं, मग गिऱ्हाइकाकडे, मग हळूच म्हणाला, "मी बघायचो. अधूनमधून."

तिला त्याच्यावर धड रागावताही येईना. त्याने रिमोट घेतला आणि एकेक टीव्ही बंद करू लागला. वहिनीला तो पहिला मेल शब्दन् शब्द आठवत होता. माझ्या सहकारिणीने. मला न सांगता. तिला मी दूर केलं आहे. स्वतःचीच तिला शरम वाटली, इतकी की मान वर करून नवऱ्याकडे बघवेना. तिथेच, फ्रिजांच्या रांगेत उभं राहून, तिने कंपनीच्या बाईंना दुसरा मेल लिहिला. चूक माझ्या घरातली होती, हे टीव्ही माझ्या नवऱ्याने लावले होते, माझ्या नणंदेने काहीही केलं नव्हतं आणि मी चौकशी न करता तिच्यावर आळ घेतला.

उत्तर तिथल्या तिथे आलं. सत्तावीस हजार खरे असतील तर आम्हाला पुरेसे आहेत. मालिका करू. मात्र एडिटिंग तुमच्या नणंदेचंच हवं, कारण तुमचे व्हिडिओ लोक त्या एडिटिंगमुळेही बघतात. त्यांचा होकार शुक्रवारपर्यंत कळवा.

बबडीच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती कुणाच्या तरी लग्नाचं एडिटिंग करत होती. वहिनीने दारातच सगळं सांगून टाकलं. टीव्हीची भिंत, दादाचा लूप, दोन्ही मेल, काहीच लपवलं नाही. पहिला मेल तर तिने वाचूनच दाखवला, कारण नंतर बबडीला तो दुसरीकडून कळला असता तर ते आणखी वाईट झालं असतं.

दादाचं ऐकून बबडीला हसू आलं. मेल ऐकताना ते गेलं.

"चुकलं माझं," वहिनी म्हणाली. "तू म्हणशील तसं करते. चॅनलवर तुझं नाव घालू, पहिल्यांदा तुझं. मी आत्ता आमंत्रण पाठवते, तू स्वीकारलंस की सगळं पूर्वीसारखं."

तिने तिथेच उभ्या उभ्या सेटिंग उघडलं, बबडीचा पत्ता टाकला आणि आमंत्रण पाठवलं. टेबलावर बबडीचा फोन थरथरला.

बबडीने त्याच्याकडे बघितलं. "वहिनी, त्या प्लॅटफॉर्मला माझं तोंडही माहीत नाही. त्यांनी तपासून खोटे तेवढे काढले, खरे ठेवले. तू मला लहानपणापासून ओळखतेस, आणि तपासायच्या आधीच काढून टाकलंस."

बबडीने फोन उचलला, आमंत्रण वाचलं आणि ना हो म्हणता, ना नाही म्हणता, तो पालथा करून ठेवला. मग हेडफोन कानाला लावून ती पुन्हा कुणाच्या तरी लग्नाकडे वळली.