शाफ्टवरची रेघ

मी चाळीस वर्षं लेथवर उभा आहे आणि माझा स्वभाव वाईट आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्या स्वभावामुळेच झालं. धाकटा म्हणायचा, "दादा, तुझ्या तोंडापेक्षा तुझं टूल बोथट." मी हसायचो. ज्याच्याशी मी हसायचो असा तो एकटाच होता.

तो विटांच्या कारखान्यात फिटर होता. तिथे माती मळायचं मोठं यंत्र आहे. लांबट हौद, आत फिरणारी पाती, आणि पात्यांना फिरवणारा दोन मीटरचा शाफ्ट. एका टोकाला मोटर आणि गिअरबॉक्स, दुसऱ्या टोकाला हौद. हा शाफ्ट माझ्याच वर्कशॉपमध्ये झाला होता. चाळीस मिलिमीटर जाडीचा, साध्या पोलादाचा. जुना झिजला म्हणून त्यांनी तो नमुन्याला पाठवला, मी मापं घेतली आणि तसाच दुसरा करून दिला.

दिला, पण त्याच्यावर एक रेघ ओढून दिला. ही आमच्या उस्तादांची रीत. शाफ्ट पूर्ण झाला की लेथ थांबवायचा, टूलचं टोक अलगद टेकवायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढत न्यायचं. केसाएवढी रेघ, फक्त उजेडात दिसणारी. शाफ्ट कामावर असताना पीळ घेतो, थांबला की पीळ सोडतो आणि रेघ पुन्हा सरळ होते. थांबलेल्या यंत्रावरही रेघ वाकडीच राहिली, तर समजायचं की शाफ्टने आपला पीळ सोडला नाही, तो आतून गेला. उस्ताद म्हणायचे, रेघ खोटं बोलत नाही. मी मात्र तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

त्या दिवशी माझ्या बाकड्याभोवती चौघं होतो. बाकड्यावर शाफ्टचे दोन तुकडे. समोर सरकारी इन्स्पेक्टरबाई, वय असेल तिशीचं, केस घट्ट बांधलेले, हातात पेन्सिल. तिच्या बाजूला कारखान्याचा मॅनेजर. आणि दाराजवळच्या स्टुलावर माझी भावजय, धाकट्याची बायको, मांडीवर पिशवी घेऊन. शाफ्ट तुटून धाकटा गेला, त्याला बारा दिवस झाले होते. बारा दिवसांत ती माझ्याशी एकदाही मोकळेपणाने बोलली नव्हती. मीही नाही.

मॅनेजर आत येण्याआधी दहा मिनिटं मला गल्लीत गाठून गेला होता. आवाज अगदी मधाचा. "मास्तर, हे बघा, तुमच्या भावाने शाफ्टवरचा झाकणाचा गार्ड काढला. परवानगी न घेता. त्यात तुमचा काही दोष नाही आणि आमचाही नाही. शाफ्टवर ती जी काय रेघ आहे, तो लेथचा ओरखडा आहे म्हणा. विषय मिटला."

तोंडात मिठाची गुळणी धरायला मलाही आवडत नाही, पण त्या वेळी धरली. खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मला बरं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

"पोलाद तपासलं," बाई म्हणाली. "चांगलं आहे. तेव्हा खापर मालावर फोडता येणार नाही. मग चांगला शाफ्ट तुटला कसा?"

"गार्ड काढलेला होता," मॅनेजर म्हणाला.

"गार्ड काढल्याने शाफ्ट तुटत नाही, साहेब. तुटल्यावर माणसाला लागतो." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही केला तेव्हा यंत्र किती फेऱ्यांनी फिरायचं?"

"मिनिटाला तीनशे."

"आणि गेले तीन महिने?"

मीच म्हणालो, "शंभर. नवा गिअरबॉक्स घातला. माती घट्ट मळायची म्हणून. मोटर तीच, पंधरा किलोवॅटची, आणि घट्ट मातीमुळे पुरती भरून चालते."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

काय वाटायचं? आमच्या धंद्यात सगळ्यांना जे वाटतं तेच. वेग वाढला की भीती, वेग कमी झाला की निवांत. हळू चालणारं यंत्र जास्त टिकतं. हे मी पोरवयापासून ऐकत आलो, आणि बेअरिंगच्या बाबतीत ते बहुतेक खरंही आहे.

बाईने बाकड्यावरचा खडू उचलला आणि लेथच्या पत्र्यावरच गणित मांडलं. उंटावरून शेळ्या हाकणारी नव्हती, हात काळे करून घेणारी होती. "ताकद तेवढीच आणि फेऱ्या एक तृतीयांश, म्हणजे प्रत्येक फेरीत तिप्पट पिळायचं. विहिरीवर रहाट फिरवताना बघा, तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात काढायचं, पण फेऱ्या कमी मारायच्या, तर दांडा किती जड लागेल? तीनशेला पीळ होता चारशे सत्त्याहत्तर न्यूटन-मीटर. शंभरला चौदाशे बत्तीस."

मग तिने जाडी लिहिली. चाळीस. "तीनशेला कातडीवरचा ताण दर चौरस मिलिमीटरला अडतीस न्यूटन. ठीक होता. शंभरला एकशे चौदा. आणि मोटर थेट चालू करता, त्या क्षणी पीळ साधारण दुप्पट होतो. म्हणजे हिशोबाने दोनशे अठ्ठावीस. हे पोलाद एकशे पंचेचाळीसच्या आसपास शरण जातं. रोज सकाळी बटण दाबलं की हा शाफ्ट थोडा थोडा मरत होता."

"मग किती जाड हवा होता?" हे भावजयीने विचारलं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"साठ," बाई म्हणाली. "ताण जाडीच्या घनाने उतरतो, ताई. चाळीसचे साठ केले की ताण चौतीसवर येतो. आणि पिळण्याचा कोन तर जाडीच्या चौथ्या घाताने कमी होतो. चाळीसचा शाफ्ट चालताना आठ अंश पिळत होता, साठचा दीड-पावणेदोन अंश पिळला असता."

"वीस मिलिमीटर," भावजय म्हणाली आणि दोन बोटांमध्ये अंतर धरून बघितलं.

मग बाईने तुटका तुकडा खिडकीकडे फिरवला. रेघ दिसली. सरळ निघाली होती आणि पुढे हळूहळू कुशीवर वळत गेली होती. दुसरा तुकडा जुळवला तर एकूण सरक चांगली बोटभर. तुटला होता गिअरबॉक्सकडच्या जोडाच्या, कपलिंगच्या बाजूला, की-वेच्या खाचेच्या कोपऱ्यात. "हा पीळ थांबल्यावरही राहिलेला आहे," ती म्हणाली. "मला एवढंच हवंय. ही रेघ तुम्ही मारलीत? सरळ मारलीत?"

मॅनेजरने खोकून घसा साफ केला.

ओरखडा आहे, एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? कागदावर लिहिलं गेलं असतं की शाफ्ट का तुटला ते नक्की कळत नाही, आणि मयताने गार्ड काढला होता. धाकट्यावरचा ठपका त्याच्या मुलीच्या डोक्यावर आयुष्यभर राहिला असता. बापाने निष्काळजीपणा केला. मी मात्र सुटलो असतो.

"मी मारली," मी म्हणालो. "सरळ मारली. प्रत्येक शाफ्टवर मारतो. त्याला ठाऊक होतं."

"कोणाला?"

"भावाला."

भावजय उठली. पिशवीतून तिने त्याची खिशातली वही काढली. तेलाचे डाग, कोपरे दुमडलेले. तिने ती बाईच्या हातात दिली. "शेवटच्या पानावर आहे," ती म्हणाली. "मला कळलं नव्हतं. आता कळलं."

बाईने मोठ्याने वाचलं. सोमवार चार. बुधवार सहा. शुक्रवार नऊ. त्याखाली, दादाला दाखवणे.

"मिलिमीटर असणार," बाई म्हणाली. "चाळीसच्या शाफ्टवर नऊ म्हणजे जवळजवळ सव्वीस अंश. हा माणूस बरोबर मोजत होता. यासाठी गार्ड काढला त्याने. यंत्र थांबवून." ती मॅनेजरकडे वळली. "आणि मोजून झाल्यावर गार्ड परत बसवायच्या आत यंत्र कोणी चालू केलं, तेही मी लिहिणार आहे." मॅनेजर फोन काढून बाहेर गेला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायला कुणीतरी लागतंच.

मला वाटलं, संपलं. धाकटा सुटला. मी खुर्चीवर बसलो.

"भावोजी," भावजय म्हणाली. अजून उभीच होती. "दादाला दाखवणे म्हणजे तुम्हालाच ना? मग शुक्रवारपर्यंत का थांबला तो?"

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. बारा दिवस मी या प्रश्नापासून पळत होतो, आणि ती मला त्यासाठीच शोधत होती.

"त्या सोमवारी त्याचा फोन आला होता," मी म्हणालो. "दुपारी. म्हणाला, दादा, यंत्र बंद आहे आणि तुझी रेघ वाकडी दिसतेय. मी कामात होतो. म्हणालो, तुझे डोळे वाकडे असतील. तो म्हणाला, गिअरबॉक्स बदललाय, जरा येऊन बघ. मी म्हणालो, हळू चालतंय तर उलट बरं आहे, उगाच घाबरटपणा करू नकोस. आणि वाकडी वाटत असेल तर पट्टी लावून मोज, तीन वेळा मोज, आकडे घेऊन ये. नुसतं बोलू नकोस. नाहीतर फोन करू नकोस."

इन्स्पेक्टरबाईची पेन्सिल थांबली होती.

"त्याने मग फोन केला नाही," मी म्हणालो. "मीही केला नाही."

शेजारच्या गाळ्यात कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं. बाईने वही मिटून भावजयीला परत दिली आणि हलक्या आवाजात विचारलं, "हे मी जबाबात लिहू?" मी हो म्हणालो. तिने लिहिलं, मी सही केली.

भावजयीने वही पिशवीत ठेवली. पिशवीचा बंद दोनदा बांधला. रडली नाही, मला वाईटसाईटही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"पोरगी रोज विचारते, बाबांनी चूक केली का," ती म्हणाली. "आता सांगेन, नाही केली. काकांनी मोजायला सांगितलं होतं म्हणून मोजत होते." दारात थांबली. "मग ती विचारेल, काका बघायला का नाही गेले. त्याचं उत्तर तुम्हीच येऊन द्या, भावोजी. मला ते येत नाही."

ती गेली. शाफ्टचे तुकडे पुरावा म्हणून बाईने नेले. पत्र्यावरचं खडूचं गणित तसंच आहे. मी ते पुसलेलं नाही, आणि त्यांच्या घरी अजून गेलेलो नाही.