मामाच्या खिशातली सुई

मामाला बॉक्सिंगमधलं सगळं कळायचं आणि औषधपाण्यातलं अर्धं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणारी माणसं स्वतःपुरती पिवळी झाली तर बिघडत नाही. पण मामाच्या हाती भाची होती.

तिला जिममध्ये सगळे भिंगरी म्हणत, कारण रिंगमध्ये ती एका जागी सापडायचीच नाही. लहानपणापासून मधुमेह. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नव्हतं, ते पेननं टोचून घ्यावं लागे. बहिणीनं पोरगी मामाच्या हवाली केली तेव्हा एक नारिंगी डबीही दिली होती: ग्लुकागॉनचं इंजेक्शन. साखर घसरून पोर बेशुद्ध पडली तर मांडीत द्यायचं. एकदा तशी वेळ आलीही. भरपेट जेवून आलेली भिंगरी सरावात कोसळली, मामानं सुई दिली आणि थोड्या वेळात ती उठून बसली. तेव्हापासून त्या डबीवर मामाची देवापेक्षा जास्त श्रद्धा. सुईत साखर नसते, ती यकृताला साठवलेली साखर सोडायचा हुकूम देते, साठाच नसेल तर हुकमाचा काही उपयोग नाही, हे तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं. मामा तेव्हा फोनवर मॅच बघत होता.

उद्या सकाळी संघनिवडीसाठी वजन होतं. काट्यावर ती आपल्या वजनगटात बसली तर संघात जागा, नाहीतर घरी. मामाच्या हाताखालची एकही पोर अजून संघात गेली नव्हती. अंगावरचं किलोभर उतरेना म्हणून दोन दिवस त्यानं तिला जवळजवळ उपाशी ठेवलं होतं. दुपारी तिच्याहून जड मुलीशी दणकून सराव झाला आणि मीटरवर साखर चांगलीच चढलेली दिसली. मामा खूश झाला. उपाशीपोटी एवढी साखर, मग भीती कसली? चढलेली उतरवायला त्यानं तिला इन्सुलिन घ्यायला सांगितलं.

"मामा, मारामारीनंतर चढलेली साखर आपोआप उतरते," भिंगरी म्हणाली. "अॅड्रेनलिननं चढते ती. तेव्हा इन्सुलिन घेऊ नकोस म्हणून सांगितलंय बाईंनी."

"डॉक्टर मी की तू?"

दोघांपैकी कुणीच नव्हतं, पण इन्सुलिन घेतलं गेलं. उपाशी यकृतात जे काही उरलंसुरलं होतं ते त्या सरावात अॅड्रेनलिननं पिळून बाहेर काढलं होतं, मीटरवर तेच दिसत होतं. आता इन्सुलिन तीही साखर रक्तातून उपसू लागलं, आणि मामानं तिला घाम काढायचा प्लास्टिकचा सूट चढवून मैदानात पळायला लावलं.

काही फेऱ्यांनी तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. साखर घसरतेय म्हणून शरीर परत अॅड्रेनलिन सोडून बोंब मारत होतं. मामाला घाम दिसला. घाम म्हणजे वजन, हे त्याचं जन्माचं गणित.

"मामा, साखर दे. घोटभर सरबत तरी."

"काट्यावर उभी राहा, मग पी हवं तेवढं. पडलीस तर सुई आहे माझ्या खिशात."

ती पळाली आणि पडली. मामानं पावडर द्रवात मिसळली, मांडीत सुई खुपसली आणि शेजारी बसून राहिला. अँब्युलन्स बोलावली तर गोष्ट निवड समितीपर्यंत जाईल, म्हणून फोन खिशातच ठेवला. आता उठेल, मग उठेल. त्या मांडीच्या स्नायूत अजून थोडाफार साठा होता, पण स्नायू आपला साठा आपणच वापरतो. तो रक्तात साखर सोडत नाही आणि ग्लुकागॉनचं ऐकतही नाही. ज्यानं ऐकायचं ते यकृत रिकामं होतं. झटके सुरू झाले तेव्हा कुठे मामानं फोन काढला.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज चढलं, आकडा लगेच सुधारला. पोरीनं मात्र डोळे उघडले नाहीत. मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला, जागी होईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सुई दिली होती, असं मामानं दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी ती शेवटचं कधी जेवली होती ते विचारलं. बहीण समोरच उभी होती.

"मला न सांगता उपास करत होती," मामा म्हणाला. "वजनासाठी."

बहिणीनं बराच वेळ मुलीकडे पाहिलं. मग भावाला विचारलं, "पडायच्या आधी तिनं काही मागितलं होतं का रे?"

"नाही. एकदाही नाही."

बहिणीचा चेहरा कडू झाला. तिनं खाटेकडे एक पाऊल टाकलं आणि त्या मिटल्या डोळ्यांवर ती खेकसली, "नुसतं तोंड उघडून सांगायचं होतंस ना मामाला! त्यानं दिली नसती का साखर?"

मामानं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे ताई. रागावू नकोस तिला."